जांघेतली कळ नेमकी कुठून येते?

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम रंगात आला की शाहू स्टेडियमपासून पेठांमधल्या तालमींपर्यंत एक तक्रार हमखास कानावर येते, ‘जांघेत धरलंय.’ हे सांगणारा पोरगा लंगडत नसतो. चालताना ठणठणीत दिसतो, सरळ रेषेत धावतोही. पण पळता पळता अचानक दिशा बदलायची वेळ आली, किंवा बगलेतून जोरात क्रॉस टाकायचा झाला, की मांडीच्या मुळाशी कळ उठते आणि तो जागीच थांबतो. दोन सामने बाहेर बसतो, बरं वाटतं म्हणून परत उतरतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

‘जांघेत धरलंय’ हे वर्णन खरं असतं, पण ते निदान नव्हे. त्यामागे मांडी आत ओढणारा स्नायू असू शकतो, खुब्याचा सांधा असू शकतो, किंवा ओटीपोटाच्या खाली मधोमध असलेलं प्युबिक हाड असू शकतं. तिघांचं दुखणं खेळाडूला जवळपास एकाच जागी जाणवतं. उपचार मात्र वेगळे, बरं व्हायला लागणारा काळ वेगळा, आणि एकाचा इलाज दुसऱ्यावर केला तर अख्खा हंगाम हातचा जातो. या तिघांना वेगळं करता येतं, आणि तेही बहुतेक वेळा बोटांनी आणि हातांच्या जोराने, यंत्राआधी. ते कसं, हे या लेखात पाहू.

आधी जागा समजून घेऊ. ओटीपोटाच्या तळाशी डावं आणि उजवं प्युबिक हाड समोरासमोर येतं. त्या दोघांच्या मध्ये कूर्चेची चकती असते. हा सांधा फार हलत नाही, पण एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाने चेंडू मारताना शरीराचा सगळा ताण त्याच्यावरून जातो. वरून पोटाचा सरळ स्नायू या हाडावर येऊन चिकटतो, खालून मांडीच्या आतले ॲडक्टर स्नायू. त्यांतला ॲडक्टर लाँगस हा सगळ्यात जास्त त्रास देणारा. वरच्या आणि खालच्या स्नायूंचे तंतू हाडासमोर एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून एकाचं दुखणं दुसऱ्याच्या हद्दीत शिरतं. खुब्याचा सांधा इथून काही बोटं बाहेरच्या बाजूला आणि बराच खोल आहे. आपण कमरेच्या बाजूला हात ठेवून ‘खुबा’ म्हणतो, पण सांध्याचं दुखणं बाहेर कमी आणि पुढे जांघेतच जास्त जाणवतं. गफलत इथे सुरू होते.

चेंडू मारताना पाय आधी मागे जातो आणि मग वेगाने पुढे येतो. त्या बदलाच्या क्षणी ॲडक्टर लाँगस पुरता ताणलेला असतो आणि त्याच वेळी त्याला जोर लावायचा असतो. ताणलेल्या अवस्थेत जोर लावणं ही स्नायूसाठी सगळ्यात कठीण कामगिरी. फुटबॉलपटू ती एका सरावात कितीतरी वेळा करतो. म्हणूनच व्यावसायिक फुटबॉलमधल्या जांघेच्या आणि खुब्याच्या दुखापतींत ॲडक्टरचा वाटा सर्वांत मोठा, ढोबळमानाने दोन तृतीयांशाच्या आसपास, निघतो.

आता नावांचा गोंधळ. १९८० च्या सुमारास लंडनमधले सर्जन गिलमोर यांनी फुटबॉलपटूंमधल्या अशा दुखण्याचं वर्णन केलं आणि त्याला त्यांचंच नाव पडलं. कुणी त्याला खेळाडूंचा हर्निया म्हणू लागलं, कुणी ऑस्टायटिस प्युबिस, कुणी ॲथलेटिक प्युबाल्जिया. २०१४ साली दोहा इथे जगभरातले चोवीस तज्ज्ञ जमले, तेव्हा बैठकीपूर्वी त्यांना दोन साधे-सरळ रुग्ण कागदावर देऊन निदान विचारलं गेलं होतं. पहिल्या रुग्णाला तज्ज्ञांनी मिळून ९ वेगवेगळी नावं दिली, दुसऱ्याला ११. तज्ज्ञांचीच ही गत, तर गल्लीतल्या खेळाडूने कुणाचं ऐकायचं? दोह्यात त्यांनी एक गोष्ट ठरवली, आणि मला ती या विषयातली सगळ्यात उपयोगाची वाटते. आत नक्की काय फाटलंय किंवा सुजलंय याचा अंदाज नावात भरायचा नाही. तपासणीत जिथे दुखतं त्यावरून नाव द्यायचं. म्हणजे ‘ॲडक्टरशी निगडित’, ‘प्युबिक हाडाशी निगडित’, ‘खुब्याशी निगडित’ वेदना. याखेरीज आणखी दोन जागा त्यांनी धरल्या: मांडी वर उचलणारा इलिओसोआस स्नायू आणि पोटाच्या कडेची इंग्वायनल नळी. बाकी उरलेली कारणं एका वेगळ्या कप्प्यात.

यातला प्रत्येक कप्पा कसा ठरतो हे एका खेळाडूवरून पाहू. हा खेळाडू कुणी एक खरा माणूस नाही, पण असे खेळाडू कोणत्याही क्रीडा-फिजिओथेरपिस्टच्या दारात नेहमी दिसतात.

वय तेवीस, पेठेच्या संघात उजव्या बगलेतून खेळणारा, चेंडू उजव्या पायाने मारणारा. पावसाळ्यात मैदान बंद, तेव्हा तो नुसता जिमला गेला. पाऊस सरताच सराव सुरू झाला आणि दोन आठवड्यांत शून्यावरून रोज दोन तासांवर गेला. तिसऱ्या आठवड्यात उजव्या जांघेत आवळल्यासारखं होऊ लागलं. सुरुवातीला थोडं पळून अंग गरम झालं की दुखणं जायचं, सामन्यानंतर परत यायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना टोचायचं. चार महिन्यांनी तो तपासायला आला, तेव्हा हातात दोन कागद होते. एमआरआयच्या अहवालात लिहिलं होतं की दोन्ही प्युबिक हाडांत सूज आहे, ऑस्टायटिस प्युबिसशी जुळणारी. एक्स-रेवर उजव्या मांडीच्या हाडाच्या मानेवर हाडाचा उंचवटा होता, ज्याला कॅम म्हणतात. एका ठिकाणी त्याला सहा आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली होती, ती त्याने घेतली. दुसऱ्या ठिकाणी खुब्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सुचवली होती, ती परवडणारी नव्हती.

फिजिओने दोन्ही कागद टेबलावर उपडे ठेवले आणि आधी प्रश्न विचारले. हा क्रम महत्त्वाचा आहे. कागद आधी वाचला की बोटं तेच शोधायला लागतात.

पहिले प्रश्न धोक्याच्या खुणांचे. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे का? ताप, वजन कमी होणं? अंडकोषात दुखतं किंवा गाठ लागते का? स्टिरॉइडची औषधं घेतली होतीस का, दारू किती? पायाला जखम, पिकलेली नखुर्डी आहे का? शेवटचा प्रश्न साधा वाटेल, पण बुटाने सोललेल्या टाचेमुळे जांघेत अवधाण येतं हे आपल्याकडे आजीलाही ठाऊक असतं, आणि त्या गाठीला कुणी स्नायूचा ताण समजून चोळलं तर भलतंच होतं. स्टिरॉइडचा प्रश्नही रिकामा नाही. स्टिरॉइडमुळे किंवा अति मद्यपानाने खुब्याच्या चेंडूचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाड आतून मरू लागतं. कोविडच्या उपचारांनंतर असे रुग्ण दिसल्याचं २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो आणि रुग्ण फक्त ‘जांघेत दुखतं’ एवढंच सांगतो.

दुसरा मोठा धोका मांडीच्या हाडाच्या मानेला पडलेल्या सूक्ष्म तड्याचा. सरावाचं अंतर एकदम वाढवलं, पायावर भार टाकला की खोल दुखतं, खेळत राहिलं की वाढतच जातं आणि मग चालतानाही दुखू लागतं, अशी ती गोष्ट असते. तसा संशय आला तर ‘एका पायावर उडी मारून दाखव’ असं सांगू नये. कुबड्या द्याव्यात आणि एमआरआय त्याच आठवड्यात करावा. तडा पूर्ण गेला तर तरुण वयात खुबा गमवावा लागू शकतो. आणि खेळाडू दहा ते पंधरा वर्षांचा असेल, लंगडत असेल, खुबा आत वळवता येत नसेल, तर आधी एक्स-रे. त्या वयात मांडीच्या हाडाचं टोक वाढीच्या थरावरून सरकलेलं असू शकतं, आणि त्याची तक्रार कधी कधी गुडघ्यात जाणवते.

आपल्या तेवीस वर्षांच्या खेळाडूला यातलं काहीच नव्हतं. मग फिजिओ म्हणाल्या, ‘एका बोटाने दाखव, कुठे दुखतं?’ त्याने मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे मांडी धडाला मिळते, तिथे बोट ठेवलं. ‘हितंच, मॅडम.’

हे एक बोट बरंच सांगतं. खुब्याचा रुग्ण सहसा बोट ठेवत नाही. तो अंगठा आणि तर्जनी पसरून कमरेची बाजू चिमटीत धरतो आणि ‘आत, खोल’ म्हणतो. त्याला खाली बसताना, गाडीतून उतरताना, मोजे घालताना, खूप वेळ बसून उठताना त्रास होतो. मध्येच आत काही अडकल्यासारखं किंवा कट्‌ वाजल्यासारखं होतं. प्युबिक हाडाचा रुग्ण मधोमध हात ठेवतो, अनेकदा दोन्हीकडे दुखतं म्हणतो, आणि अंथरुणात कूस बदलतानासुद्धा कळ येते. अर्थात ही नुसती दिशा झाली. निकाल तपासणीत लागतो.

खेळाडूला उताणं झोपवलं. न दुखणाऱ्या डाव्या बाजूने सुरुवात, कारण दाब कितपत सहन होतो हे आधी कळायला हवं आणि तुलनेला काहीतरी हवं. गुडघा वाकवून मांडी बाहेर सोडली की मांडीच्या आतल्या अंगाला ॲडक्टर लाँगसची दोरीसारखी ताठ कंडरा हाताला लागते. तिच्यावरून बोट वर वर नेत हाडापर्यंत जायचं. उजवीकडे बोट हाडाजवळच्या शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरवर आलं आणि तो दचकला.

इथे एक प्रश्न विचारायचा असतो, आणि सगळ्या तपासणीचा गाभा तोच आहे: ‘तुझं नेहमीचं दुखणं हेच का?’ जांघेत जोरात दाबलं तर कुणालाही दुखतं. निदानाला उपयोगी पडते ती ओळखीची वेदना, मैदानावर जिने त्याला थांबवलं तीच. खेळाडू म्हणाला, ‘हेच.’

पण हात लावल्यावर दुखणं ही अर्धीच गोष्ट. दोह्याच्या व्याख्येप्रमाणे ॲडक्टरचं नाव द्यायचं तर दोन्ही खुणा हव्यात: कंडरेवर दाबल्यावर दुखणं, आणि मांडी आत ओढताना विरोध केला तर तीच वेदना त्याच जागी उठणं. म्हणून फिजिओंनी त्याचे पाय सरळ ठेवले, दोन्ही घोट्यांच्या मध्ये आपला हाताचा पुढचा भाग घातला आणि सांगितलं, ‘पाच सेकंद जितका जोर आहे तितक्याने दाब. आणि शून्य ते दहा, किती दुखलं ते सांग.’ या चाचणीला कोपनहेगनची पाच सेकंदांची चाचणी म्हणतात. दोनपर्यंत दुखलं तर हिरवा दिवा, तीन ते पाच पिवळा, सहा किंवा त्याहून जास्त लाल. हा म्हणाला, पाच. कुठे? पुन्हा तेच बोट, तीच जागा. हातात धरायच्या जोरमापकाने एकेक पाय मोजला, तर उजवा डाव्यापेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने कमजोर निघाला.

आता प्युबिक हाड. फिजिओंनी मधल्या सांध्यावर आणि त्याच्या लगत दोन्ही बाजूंच्या हाडावर दाबलं. ॲडक्टरची जागा इथून एखाद-दोन बोटांवर खाली-बाहेर, म्हणून बोट घसरलं तर निदानच घसरतं. हळूहळू, एकेक बिंदू करत दाबावं लागतं. त्याला थोडं दुखलं, पण तो म्हणाला, ‘हे वेगळं आहे, ते नाही.’ प्युबिक वेदनेच्या बाबतीत एक अडचण मान्य करायला हवी. तिच्यासाठी जोर लावून करायची अशी खास चाचणी नाही. ती ठरते फक्त सांध्यावर आणि लगतच्या हाडावर दाबल्यावर ओळखीची वेदना उठते का यावरून. त्यामुळे या कप्प्यात चुका जास्त होतात, आणि ज्यांना नक्की कळत नाही ते सगळं ‘प्युबिसची सूज’ म्हणून मोकळे होतात.

तरुण खेळाडूंच्या बाबतीत या हाडाकडे जास्त लक्ष द्यायला हवं. प्युबिक हाडाच्या कडेचं वाढीचं केंद्र शरीरातल्या सगळ्यात उशिरा जुळणाऱ्या केंद्रांपैकी एक आहे. बऱ्याच जणांत ते विशी ओलांडल्यावरही पूर्ण जुळलेलं नसतं. ॲडक्टर याच कोवळ्या कडेला ओढत असतो. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा शाळेच्या संघात, पेठेच्या संघात आणि अकादमीत, असा आठवड्यात तीन ठिकाणी खेळत असेल तर त्याची मधली जागा दुखण्याचं कारण बहुधा इथे सापडतं.

इलिओसोआस आणि इंग्वायनल नळी या दोन जागा थोडक्यात तपासल्या. गुडघा छातीकडे उचलताना विरोध केला, दुखलं नाही. पोटाला जोर देऊन उठायला लावलं, खोकायला लावलं, दुखलं नाही. हर्नियाची गाठ नव्हती.

शेवटी खुबा, आणि इथे थोडं थांबू, कारण एक्स-रेवरचा तो उंचवटा सगळ्यांना घाबरवतो. खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवून पाय बाहेर नेला की खुबा आत वळतो. तो किती अंश वळतो हे मोजायचं. खुब्यात बिघाड असला की सहसा सगळ्यात आधी हीच हालचाल कमी होते. याचा उजवा २८ अंश, डावा ३०. म्हणजे फरक नाही. मग मांडी वाकवून, शरीराच्या मध्यरेषेपलीकडे नेऊन आत वळवली. या चाचणीला फॅडिर म्हणतात. खुब्याचा बिघाड असलेला माणूस यात जवळजवळ नेहमी दुखतं म्हणतो. पण बिघाड नसलेल्या पुष्कळ जणांनाही यात दुखतं. म्हणून ही चाचणी ‘खुबा आहे’ हे सांगायला कमकुवत आणि ‘खुबा नाही’ हे सांगायला चांगली. दुखलं नाही, तर खुब्यावरचा संशय बराच कमी होतो. आपल्या खेळाडूला पुढच्या बाजूला आवळल्यासारखं झालं, पण ओळखीची वेदना उठली नाही.

एवढं झाल्यावर फिजिओंनी कागद सरळ केले.

प्युबिक हाडातली सूज एमआरआयवर दिसते, ती खरीच असते. पण ती मजेत खेळणाऱ्या, कधीही जांघ न दुखलेल्या फुटबॉलपटूंमध्येही सर्रास दिसते. डेन्मार्कमध्ये दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या फुटबॉलपटूंचे एमआरआय शेजारी ठेवून पाहिले गेले, तेव्हा अशा बऱ्याच खुणा दोघांतही सापडल्या. त्या खुणा हाडावर पडलेल्या भाराच्या होत्या. कॅमचंही तसंच. वाढीच्या वयात, साधारण बारा ते चौदाच्या दरम्यान, खुब्याचा वाढीचा थर उघडा असताना भरपूर फुटबॉल खेळलं की हाडाच्या मानेवर असा उंचवटा तयार होतो. व्यावसायिक खेळाडूंमध्ये तो इतका नेहमीचा आहे की नुसता उंचवटा दिसणं म्हणजे आजार नव्हे. २०१६ च्या वॉरिक सहमतीत हे स्पष्ट म्हटलं आहे: तक्रार, तपासणीतली खूण आणि फोटोतला आकार, तिन्ही एकत्र आले तरच त्याला खुब्याचा आजार म्हणायचं. या खेळाडूकडे तिन्हीपैकी फक्त फोटो होता.

निकाल: ॲडक्टरशी निगडित वेदना. प्युबिक हाडावर भार आहे, पण मुख्य दुखणं ते नाही. खुबा सध्या निर्दोष.

सगळ्यांचं इतकं सुटसुटीत होत नाही, हेही सांगायला हवं. डेन्मार्कचे पेर होल्मिश यांनी २०७ रुग्ण काळजीपूर्वक तपासले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश जणांत एकाहून अधिक कप्पे एकाच वेळी सापडले. अशा वेळी ज्या जागेत ओळखीची वेदना सगळ्यात ठळक उठते तिथून उपचार सुरू करायचे आणि चार-सहा आठवड्यांनी सगळी तपासणी पुन्हा करायची. खुबा आणि ॲडक्टर दोन्हीवर संशय राहिला, तर सांध्याच्या आत बधिर करणारं औषध टोचून पुन्हा चाचण्या करता येतात. वेदना गेली तर उगम सांध्यात, तशीच राहिली तर बाहेर.

निदान बदललं तर पुढचं सगळं बदलतं. होल्मिश यांनीच १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन महिन्यांहून जास्त काळ ॲडक्टरची जांघ दुखणारे ६८ खेळाडू त्यात होते. एका गटाला लेसर, विजेचे शेक, चोळणं आणि ताण देणारे व्यायाम. दुसऱ्या गटाला ॲडक्टर आणि पोट-कंबर बळकट करणारे व्यायाम, आठवड्यातून तीनदा, आठ ते बारा आठवडे. व्यायामाच्या गटातले २३ जण पूर्वीच्याच पातळीवर, न दुखता खेळायला लागले. पहिल्या गटातले फक्त ४. व्यायामाच्या गटात ॲडक्टरला ताण देणं मुद्दाम वगळलं होतं. आपल्याकडे जांघ धरली की सगळे आधी ‘जांघ मोकळी कर’ म्हणून पाय फाकवायला लावतात. कंडरा दुखरी असताना हाडाजवळ तिला आणखी खेचण्याने बहुतेकांचं दुखणं चिघळतं. मशीनवर रोज अर्धा तास झोपून पैसे भरण्यापेक्षा हे व्यायाम शिकून घेणं कितीतरी चांगलं, हे माझं ठाम मत आहे.

आपल्या खेळाडूला विश्रांतीने का बरं वाटलं नाही, तेही यातून कळतं. सहा आठवडे त्याने काहीच केलं नाही. वेदना शमली, पण कमजोर ॲडक्टर आणखी कमजोर झाला आणि पहिल्याच सामन्यात त्याच्यावर पूर्वीइतकाच भार आला.

त्याला पहिले दोन आठवडे सरळ पायांनी चेंडू घोट्यांमध्ये धरून तीस सेकंद दाबायचा, दहा वेळा, आणि तेच गुडघे वाकवून, असं सांगितलं. तिसऱ्या आठवड्यापासून एका कुशीवर झोपून पाय उचलणं, एका पायावर तोल, पोट-कंबरेचे व्यायाम. व्यायाम करताना थोडं, म्हणजे दहापैकी दोनपर्यंत दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं असेल तर भार कमी. सरळ धावणं वेदना वाढत नसेल तर लवकर सुरू होतं. दिशा बदलणं त्यानंतर, आणि चेंडू जोरात मारणं सगळ्यात शेवटी. दर आठवड्याला तीच पाच सेकंदांची चाचणी. अशा खेळाडूचा आकडा साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात दोनवर येतो. तेव्हा त्याला सामन्यात उतरायची घाई होते, आणि तिथेच पुन्हा दुखापत होते. कंडरेवर दाबून दुखू नये, दोन्ही पायांचा जोर सारखा व्हावा, पूर्ण वेगाने वळणं आणि क्रॉस टाकणं सरावात न दुखता जमावं, तोवर सामना नको. जुन्या दुखण्याला तीन ते चार महिने लागतात हे आधीच सांगितलं तर खेळाडू ते पाळतो.

निदान खुब्याचं निघालं असतं, म्हणजे आत वळणं दहा-बारा अंशांवर आलं असतं, फॅडिरमध्ये ओळखीची वेदना उठली असती आणि कॅमही असता, तर दिशा वेगळी. खोल बैठका आणि खूप वाकवणाऱ्या हालचाली काही काळ कमी करायच्या, खुब्याभोवतीचे स्नायू निदान तीन महिने नीट बळकट करायचे, आणि तरी जमलं नाही तर शल्यविशारदाशी बोलायचं. ब्रिटनमध्ये २०१८ मध्ये दुर्बिणीतून शस्त्रक्रिया आणि चांगली फिजिओथेरपी यांची तुलना झाली. वर्षाअखेरी शस्त्रक्रियेचा गट पुढे होता, पण फरक माफक होता. आणि प्युबिक हाडाचं निघालं असतं तर सगळ्यात जास्त संयम लागला असता. चेंडू मारणं आणि वळणं बराच काळ थांबवून, हाडावरचा भार फार सावकाश वाढवावा लागतो. किशोरवयीन खेळाडूच्या बाबतीत आठवड्यातले सामने मोजून कमी करणं हा त्यातला सगळ्यात मोठा उपचार असतो, आणि तो आई-वडील आणि प्रशिक्षक यांच्याच हातात असतो.

प्रशिक्षकांच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. नॉर्वेमध्ये निमव्यावसायिक संघांना हंगामाआधी सहा ते आठ आठवडे आठवड्यातून तीनदा आणि हंगामात एकदा एकच व्यायाम करायला लावला. खेळाडू कोपरावर टेकून कुशीवर आडवा होतो, साथीदार त्याचा वरचा पाय गुडघ्याशी आणि घोट्याशी धरतो, आणि खेळाडू वरच्या पायाच्या जोरावर शरीर उचलून खालचा पाय वर आणतो. तीनपेक्षा जास्त दुखलं तर सोपा प्रकार. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी झाला. याला मैदान, साथीदार आणि काही मिनिटं एवढंच लागतं. पावसाळा संपून सराव सुरू होण्याच्या दोन महिने आधीच, मैदान बंद असतानाही, तालमीच्या फरशीवर तो सुरू करता येतो.

तुमच्या घरातल्या किंवा संघातल्या कुणाला जांघेचं दुखणं दोन आठवड्यांत गेलं नसेल, तर एमआरआयच्या रांगेत उभं राहण्याआधी त्याला अशा माणसाकडे न्या जो त्याला झोपवून दोन्ही बाजूंना बोटांनी तपासेल, जोर लावायला सांगेल आणि खुबा किती वळतो ते मोजेल. आणि रात्रीची वेदना, ताप, अंडकोषातलं दुखणं, भार टाकता न येणं, किंवा लहान मुलाचं लंगडणं यातलं काहीही असेल, तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.